वाचलेली कोंबडी

(पेण आणि रोहा तालुक्यांतल्या कोंबडीपालकांसाठीच्या ‘कोंबड्यांचा कॉलरा’ या पुस्तिकेची प्रस्तावना)

“रात्री चांगली होती. दाणे खाल्ले, खुराड्यात गेली. सकाळी दार काढलं तर आडवी पडलेली.” पेण-रोह्याकडच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबडी पिशवीत घेऊन आलेला माणूस बहुधा याच शब्दांत सुरुवात करतो. त्याच्या मागोमाग त्याचा स्वतःचा निष्कर्षही येतो. कोणी म्हणतो मानमोडी आली, कोणी म्हणतो साप फिरला असेल, कोणी शेजाऱ्याने विष घातल्याचा संशय घेतो. चिरनेरची आठवण ताजी असलेला माणूस आवाज खाली आणून बर्ड फ्लूबद्दल विचारतो. 2025 च्या जानेवारीत उरण तालुक्यातल्या त्या गावात बर्ड फ्लू आढळला आणि कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, ही बातमी रायगडातला कोणताही कोंबडीपालक विसरलेला नाही.

या सगळ्या संशयांच्या गर्दीत एक रोग मागे राहतो. तो जुना आहे, जगभर आहे, त्याचा जंतू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो आणि त्यावर औषधही चालते. तरीही एकदा अंगणात शिरला की तो वर्षानुवर्षे तिथून हलत नाही. त्याचे नाव कोंबड्यांचा कॉलरा. माणसाच्या पटकीशी त्याचा नावापुरताच संबंध आहे. माणसाला पटकी होते तो जंतू वेगळा, हा वेगळा. हिरवट हगवण आणि झटपट मरण या दोन गोष्टींमुळे युरोपात त्याला हे नाव पडले आणि ते टिकले.

या पुस्तिकेत लक्षणे, औषधे, लसी, शेडची स्वच्छता असे सगळे विषय आहेत. प्रस्तावनेत मला त्यातल्या एकाच गोष्टीवर बोट ठेवायचे आहे. या रोगात आपले सगळे लक्ष मेलेल्या कोंबडीकडे जाते. पण पुढच्या साथीचे बी असते ते वाचलेल्या कोंबडीत. ती दाणे टिपते, अंडीही देते. फक्त तिच्या चोचीखाली लोंबणाऱ्या दोन लाल लोळ्यांपैकी एक जरा जाड, गरम आणि फुगलेली असते. घरातले म्हणतात, “झोंबी झाली असेल, चोच लागली असेल.” आणि विषय संपतो.

जंतूचे नाव पाश्चुरेला मल्टोसिडा. लुई पाश्चर यांच्या नावावरून 1887 मध्ये या कुळाला हे नाव मिळाले, आणि ते योग्य माणसाच्या नावाने मिळाले. पाश्चर यांना हा जंतू तुलूझच्या पशुवैद्यक शाळेतले प्राध्यापक तुसँ यांच्याकडून मिळाला होता. त्यांनी तो कोंबडीच्या मांसाच्या रश्शात वाढवला. त्याचे काही थेंब पावावर टाकून ते कोंबड्यांना खायला घातले, तरी त्या मरत. म्हणजे रोग खाण्यातून जातो हे तेव्हाच दिसले होते. पुढे 1880 मध्ये त्यांनी जाहीर केले की बराच काळ हवेत पडून राहिलेला जुना रस्सा टोचला तर कोंबड्या आजारी पडतात पण मरत नाहीत, आणि नंतर ताजा जंतू टोचला तरी तग धरतात. प्रयोगशाळेत जंतू क्षीण करून लस तयार करण्याच्या विद्येची सुरुवात इथून झाली. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून अनेकांना माहीत असते.

पाश्चर यांच्या या रोगावरच्या लेखनातली दुसरी एक नोंद मात्र फार कोणी सांगत नाही, आणि आपल्या कामाची तीच आहे. पाश्चर यांनी हाच जंतू गिनीपिगला टोचला. गिनीपिग मेला नाही. टोचलेल्या जागी त्याला गळू झाले, तेवढेच. तो नीट खातपीत होता, दिसायला निरोगी होता. पण त्या गळवातला पू काढून कोंबडीला टोचला की कोंबडी लगेच मरे. पाश्चर यांनी यावरून इशारा दिला होता की अशा गिनीपिगांच्या सोबतीला ठेवलेल्या कोंबड्या आणि ससे अचानक मरू लागले तर पाहणाऱ्याला रोग आपोआप उपजला असे वाटेल, कारण गिनीपिगांच्या तब्येतीत काहीच बिघाड दिसणार नाही.

पेण-रोह्याच्या अंगणात गिनीपिग नसतो. त्याची जागा लोळी सुजलेली कोंबडी घेते.

रोगाचा हा स्वभाव नीट कळावा म्हणून एक घर घेऊ. हे कोणा एका कुटुंबाचे नाही. या रोगाची चाल जशी असते तशी जुळवून मांडलेले हे उदाहरण आहे, पण यातली प्रत्येक पायरी आपल्याकडे घडू शकते अशीच आहे.

घर पेणच्या खारेपाटातले. बावीस मोठ्या गावठी कोंबड्या आणि एका खुडूक कोंबडीखाली निघालेली, तीन आठवड्यांची चौदा पिल्ले. भादव्यात गौरीच्या तिखटाच्या नैवेद्यासाठी घरातल्या काकूंनी आठवड्याच्या बाजारातून एक कोंबडा आणि पुढे अंड्यांसाठी म्हणून दोन कोंबड्या आणल्या. कोंबड्याची एक लोळी सुजलेली होती. विकणारा म्हणाला, झोंबीत लागलंय. तिघेही घरच्या कोंबड्यांत सोडले गेले, त्याच पातेल्यात पाणी पिऊ लागले. गौरीच्या दिवशी कोंबडा कापला, आतडी आणि पिसे उकिरड्यावर टाकली. कोंबड्यांनी ती उकरली, चोचीने ओढली.

इथे जंतू कसा फिरतो ते पाहण्यासारखे आहे. वाहक कोंबडीच्या तोंडात, नाकात, डोळ्यांच्या पाण्यात जंतू असतो. ती पाण्यात चोच बुडवते तेव्हा तो पाण्यात उतरतो. मेलेल्या किंवा कापलेल्या आजारी पक्ष्याच्या रक्तात आणि काळजात तो अगणित असतो. रोगाची लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत साधारण पाच ते आठ दिवस जातात. त्यामुळे बाजारातला कोंबडा आणि पहिले मरण यांच्यामध्ये सण येऊन जातो, पाहुणे येऊन जातात, आणि दोन्हींची सांगड कोणाच्या डोक्यात बसत नाही.

गणपती गेल्यावर चार-पाच दिवसांनी अंड्यांवर बसलेली एक कोंबडी तशीच बसल्या जागी मेलेली सापडली. अंगाने भरलेली, पोटात तयार अंडे. दुसऱ्या दिवशी आंब्याखाली दोन. तिसऱ्या दिवशी एक कोंबडी पिसे फुगवून, मान आत घेऊन कोपऱ्यात उभी दिसली. तोंडातून चिकट लाळ, खाली पाण्यासारखी हगवण आणि नंतर तीच हिरवट, शेंबडासारखी. दुपारी तिचा तुरा आणि लोळ्या जांभळट झाल्या आणि ती संध्याकाळपर्यंत गेली. दहा दिवसांत बावीसपैकी नऊ मेल्या. काही उरलेल्या आजारी कोंबड्या “मरण्याआधी” कापून खाल्ल्या गेल्या आणि त्यांचीही आतडी उकिरड्यावर गेली.

या सगळ्यात एक गोष्ट विचित्र वाटावी अशी घडली. चौदा पिल्लांपैकी एकही मेले नाही.

रोग ओळखण्याचा पहिला धागा हाच आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली असती तर पिल्लांना तिने सोडले नसते. उलट पिल्ले आधी गेली असती. धापा टाकणे, मान वळणे, पाय लुळे पडणे हे प्रकार दिसले असते. कॉलरा मोठ्या पक्ष्याला धरतो. साधारण सोळा आठवड्यांच्या आतल्या कोंबड्या त्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, अंड्यावर आलेल्या कोंबड्या मात्र सहज सापडतात. म्हणून पाच-सहा आठवड्यांत विकल्या जाणाऱ्या ब्रॉयलरच्या शेडमध्ये हा रोग क्वचित दिसतो, आणि अंड्यांच्या शेडमध्ये, पैदाशीच्या कोंबड्यांत किंवा वर्ष-दोन वर्षे पाळल्या जाणाऱ्या गावठी, वनराज, गिरिराज कोंबड्यांत तो जास्त दिसतो. ब्रॉयलरच्या शेडमध्ये एका रात्रीत मरतूक झाली तर आधी उकाडा, हवा खेळती नसणे आणि दुसरे रोग तपासावेत.

दुसरा धागा मेलेल्या कोंबडीच्या पोटात सापडतो. पण तिथे एक अट आहे. तुरा जांभळा, डोके सुजलेले, पायांच्या नळीवर लाल डाग आणि एकाच वेळी मोठ्या संख्येने मरतूक असे चित्र असेल तर कोंबडी कोणीही घरी फाडू नये. बर्ड फ्लूचा संशय आधी दूर व्हायला हवा, आणि ते काम सरकारी यंत्रणेचे आहे. कॉलऱ्याची नुसती शंका असली तरीही शवविच्छेदन पशुवैद्यकानेच करावे.

आपल्या उदाहरणातल्या काकूंनी दहाव्या दिवशी तासाभरापूर्वी मेलेली कोंबडी दवाखान्यात नेली असे समजू. डॉक्टर पोट उघडतात. गळ्याखालची चाऱ्याची पिशवी तांदळाने भरलेली, म्हणजे मरणाच्या थोडे आधीपर्यंत ती खात होती. काळीज फुगलेले, बोटाने दाबले तर तुटणारे, आणि त्यावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरट-पिवळे बारीक ठिपके. हृदयाच्या भोवतीच्या चरबीवर पिसू चावल्यासारखे लाल बिंदू. आतड्याच्या सुरुवातीच्या भागात घट्ट शेंबूड. अंडाशयातली अंडी मऊ पडलेली, एखादे पोटातच फुटून पिवळे पसरलेले.

मग डॉक्टर काळजाचा कापलेला भाग काचपट्टीला हलकेच टेकवतात, ठसा वाळू देतात आणि त्यावर रंग चढवतात. सूक्ष्मदर्शकाखाली आखूड जंतू दिसतात, दोन्ही टोकांना गडद आणि मधे फिकट. हे चित्र आपल्याकडच्या पशुवैद्यकाला चांगले ओळखीचे असते, कारण गाई-म्हशींच्या घटसर्पात रक्ताच्या ठशात असाच जंतू दिसतो. दोन्ही जंतू एकाच जातीचे. फक्त त्यांच्यावरचे आवरण वेगळ्या प्रकारचे आहे. कोंबड्यांत बहुधा अ प्रकार, आपल्याकडच्या घटसर्पात ब प्रकार. म्हणूनच पावसाळ्याआधी गुरांना टोचल्या जाणाऱ्या घटसर्पाच्या लसीतली उरलेली मात्रा कोंबड्यांना टोचून उपयोग होत नाही. असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे, म्हणून हे इथेच स्पष्ट सांगतो.

ठसा शंका पक्की करतो, पण औषध कोणते चालेल हे तो सांगत नाही. त्यासाठी जंतू वाढवून त्याची औषधांशी चाचणी घ्यावी लागते. नमुना पुण्याला औंधच्या रोग निदान प्रयोगशाळेकडे जाऊ शकतो. रोह्याहून कोलाड, ताम्हिणी घाटातून किंवा पेणहून खोपोली मार्गे, बर्फात ठेवलेली ताजी कोंबडी त्याच दिवशी पोहोचायला हवी. बर्फात ठेवायची, गोठवायची नाही. कोंबडी उशिरा सापडली आणि तिला वास येऊ लागला असेल तरी हातपाय गाळू नयेत. पायाचे नळीचे हाड न फोडता स्वच्छ काढून पाठवले तर त्यातल्या मगजात हा जंतू अजून सापडतो. हा मार्ग आपल्या दमट हवेत फार उपयोगी आहे. औषध सुरू करण्यापूर्वी नमुना घ्यावा, कारण औषध दिल्यावर मेलेल्या कोंबडीत जंतू हाती लागेलच असे नाही.

आता उपचार. सल्फा गटातली औषधे, टेट्रासायक्लीन गटातली औषधे, पेनिसिलीन आणि आणखी काही प्रतिजैविके या जंतूवर चालतात. कोणते द्यायचे आणि किती, हे वजन, अंडी देण्याची अवस्था आणि शक्य असेल तेव्हा चाचणीचा निकाल पाहून पशुवैद्यक ठरवतो. पण औषध योग्य असूनही उपचार फसतो, त्याची कारणे मात्र कोंबडीपालकाच्या हातात असतात. त्यातली दोन नीट समजून घेऊ.

पहिले कारण पाणी. औषध बहुधा पाण्यातून दिले जाते आणि आजारी कोंबडी पाणी पीत नाही. म्हणजे औषध मिळते ते अजून आजारी न पडलेल्यांना. ते चांगलेच आहे, त्यांना वाचवणे हाच मोठा फायदा. पण जी कोंबडी कोपऱ्यात उभी आहे तिला इंजेक्शन द्यावे लागते, नाहीतर वेगळे करावे लागते. शंभर मोठ्या कोंबड्या दिवसाला साधारण वीस ते पंचवीस लिटर पाणी पितात, उन्हात त्याहून जास्त. म्हणून पंचवीस कोंबड्यांसाठी पाच-सहा लिटर औषधी पाणी करावे, रोज ताजे. बादलीभर पाण्यात सगळी पुडी ओतून दोन दिवस तेच ठेवले तर औषधही बिघडते आणि मात्राही चुकते. त्या दिवसांत अंगणातले डबके, गुरांची पाण्याची कुंडी, नळाखाली साचलेले पाणी झाकले नाही तर कोंबड्या कडू पाणी सोडून तिकडेच जातात. टेट्रासायक्लीन देताना आणखी एक अडचण असते. हे औषध चुन्याशी जोडले जाते आणि मग आतड्यातून अंगात शिरत नाही. अंड्याचे कवच घट्ट व्हावे म्हणून आपण शिंपल्यांचा चुरा घालतो, तो त्या दिवसांपुरता डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद ठेवावा.

दुसरे कारण घाई. औषध सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत मरतूक थांबते. घरातले म्हणतात, बरे झाले, आणि उरलेले औषध पुढच्या वेळेसाठी ठेवून देतात. आठवड्याभराने पुन्हा मरतूक सुरू होते. सांगितलेला पूर्ण काळ औषध द्यायलाच हवे. त्या काळात आणि त्यानंतर लेबलवर लिहिलेले दिवस संपेपर्यंतची अंडी आणि मांस खाऊ नये, विकू नये. सल्फा औषधे अंड्यात उतरतात, आणि अंड्यावरच्या कोंबडीचे अंडेही घटवतात.

हे सगळे नीट केले तरी उपचाराची एक हद्द आहे, आणि ती हद्द म्हणजेच सुजलेली लोळी.

रोगातून वाचलेल्या काही कोंबड्यांत जंतू रक्तातून जातो, पण एखाद्या जागी घर करतो. लोळीत, डोळ्याखालच्या पोकळीत, पायाच्या सांध्यात, तळपायात, छातीच्या हाडावरच्या गादीत. तिथे सूज येते. काही दिवसांनी आतला द्रव घट्ट होतो आणि लोळी कापली तर त्यातून पिवळट, चुरा होणाऱ्या चीजसारखा गोळा निघतो. त्या गोळ्यात रक्त पोहोचत नाही. रक्त पोहोचत नाही तिथे औषधही पोहोचत नाही. सूज फोडून गोळा काढला तर लोळी चांगली दिसू लागते, पण कोंबडीच्या नाका-घशात जंतू राहू शकतोच. एखादीची लोळीही सुजत नाही, ती फक्त थोडी लंगडते, किंवा काहीच दाखवत नाही. तिच्यासाठी दवाखान्यात औषध नाही. तिला कळपातून काढणे हाच उपचार.

इथेही घाई करून निष्कर्ष काढू नये. सुजलेली लोळी म्हणजे कॉलराच असे नाही. खरोखर झोंबीत चोच लागून लोळी सुजते. ती बहुधा एकाच कोंबड्याची असते, जखम दिसते आणि काही दिवसांत उतरते. नाकातून दुर्गंधी असलेला स्राव आणि तोंड, लोळ्या सुजणे हे कोरायझा या वेगळ्या रोगातही होते. देवीत तुऱ्यावर, लोळ्यांवर खपल्या येतात. कॉलऱ्याचा संशय घ्यायचा तो दोन गोष्टी जुळल्या तर: मागच्या काही आठवड्यांत मोठ्या कोंबड्यांची अचानक मरतूक, आणि आता उरलेल्यांपैकी एक-दोघींची लोळी किंवा सांधा सुजलेला.

पुन्हा आपल्या खारेपाटातल्या घराकडे येऊ. औषधाने मरतूक थांबली. कळपात ज्या वाचल्या त्यांत एकीची लोळी फुगलेली, एक लंगडी. काकूंनी दोघींना ठेवले. लोळीवाली तर सगळ्यांत जास्त अंडी देणारी होती. मग भाताची कापणी झाली, मळणी झाली, घरात भात आला आणि भातामागे उंदीर आले. उंदीर हा जंतू बाळगू शकतो, खुराड्यातून खुराड्यात नेऊ शकतो. थंडी पडली. आणि भादव्यात तीन आठवड्यांची असलेली ती चौदा पिल्ले डिसेंबरच्या अखेरीस एकोणीस आठवड्यांची झाली, पहिल्या अंड्यावर आली. नेमकी त्या वयात, ज्या वयात हा रोग धरतो. जानेवारीत पुन्हा एका सकाळी खुराड्यात आडवी पडलेली कोंबडी. या वेळी मेली ती पहिल्या साथीतून सुटलेल्या पिल्लांपैकी एक.

लोक म्हणतात, साथ पुन्हा आली. साथ कुठे गेलीच नव्हती. ती त्याच अंगणात दाणे टिपत होती आणि पुढच्या पिढीच्या वयात येण्याची जणू वाट पाहत होती.

म्हणून प्रतिबंधाची सगळी कामे या एका साखळीवर घाव घालण्यासाठी आहेत. थोड्या कोंबड्यांच्या अंगणात रोग सिद्ध झाला तर सगळ्यांत खात्रीचा मार्ग कठोर आहे: वाचलेल्या मोठ्या कोंबड्या ठेवू नयेत. सगळ्याच काढणे शक्य नसेल तर निदान सुजलेल्या, लंगड्या काढाव्यात आणि पिल्ले वेगळ्या जागी, वेगळ्या पाण्यावर, वेगळ्या माणसाच्या हाताखाली वाढवावीत. हा रोग अंड्यातून पिल्लात जातो असे सहसा आढळत नाही, त्यामुळे पुढचा कळप पिल्लांपासून उभा करता येतो. मोठ्या शेडमध्येही तेच तत्त्व: एक तुकडी पूर्ण बाहेर गेल्याशिवाय दुसरी आत आणू नये.

बाजारातून मोठी कोंबडी आणणे हा आपल्याकडे रोग येण्याचा मोठा रस्ता आहे. आणायचीच तर तीन-चार आठवडे वेगळी ठेवावी. गौरीसाठी किंवा पाहुण्यासाठी कापायला आणलेला पक्षी तर घरच्या कोंबड्यांत सोडूच नये. तो झाकून वेगळा ठेवावा, आणि कापल्यावर आतडी, पिसे, रक्त उकिरड्यावर न टाकता पुरावे. आजारी कोंबडी कापून खाण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. कापणाऱ्याच्या हाताला जखम असेल तर त्यालाही या जंतूचा त्रास होऊ शकतो, आणि अंगणाला तर नक्कीच होतो.

पुरणे म्हणताना आपल्या भागाची एक खास अडचण सांगायला हवी. उघड्या कोरड्या उन्हात हा जंतू लवकर मरतो. चुना, ब्लीचिंग पावडर, सोडियम हायपोक्लोराइट यांनीही मरतो. पण सडत चाललेल्या मेलेल्या कोंबडीत आणि ओलसर मातीत तो काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकू शकतो. खारेपाटात भादव्यात दोन फुटांवर पाणी लागते. तिथे खड्डा खणून पुरलेली कोंबडी पुढच्या भरतीच्या दिवसांत किंवा पावसात पाण्यात तरंगते, नाहीतर कुत्री उकरतात. म्हणून खारेपाटातल्या घरांनी जागा आधीच ठरवून ठेवावी, उंचवट्यावर, विहिरीपासून आणि खाजणापासून लांब. खड्डा निदान तीन-चार फूट खोल, वर-खाली चुना, वरून माती दाबून दगड. ते शक्य नसेल तर जाळणे चांगले. रोह्याकडे डोंगरउतारावरच्या वाड्यांना पुरणे सोपे जाते, पण तिथे ओढ्याच्या काठावर मेलेली कोंबडी फेकण्याची सवय दिसते. खालच्या वाडीच्या कोंबड्या तेच पाणी पितात.

लसीबद्दल थोडक्यात. कॉलऱ्याची मेलेल्या जंतूंची लस असते. साधारण दोन-तीन महिने वयाच्या पुढे पहिली मात्रा आणि तीन-चार आठवड्यांनी दुसरी असे तिचे वेळापत्रक असते. अंड्यांच्या मोठ्या शेडला आणि जिथे रोग दरवर्षी येतो अशा ठिकाणी ती घ्यावी. पण तिच्या मर्यादा माहीत असाव्यात. लसीत ज्या प्रकारचे जंतू असतात त्याच प्रकारावर ती चांगली चालते, दुसऱ्या प्रकारावर कमी. वाहक कोंबडीतला जंतू ती काढत नाही. आणि बाटलीत शेकडो मात्रा असतात, त्यामुळे वीस कोंबड्यांच्या घराला ती एकट्याने परवडत नाही. गावाने मिळून एक दिवस ठरवला तरच ते जमते.

हा रोग 2009 च्या पशुरोग प्रतिबंध कायद्याच्या अनुसूचीत आहे. म्हणजे शंका आली की कळवणे हे कोंबडीपालकाचे कायद्याने ठरलेले काम आहे. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, ग्रामपंचायत किंवा 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक यांपैकी कुठेही कळवता येते. कळवल्याने कोंबड्या नेतील ही भीती खारेपाटात मी अनेकदा ऐकली आहे. कॉलऱ्यासाठी बर्ड फ्लूसारखी गावभर कोंबड्या नष्ट करण्याची मोहीम होत नाही. उलट वेळेवर नमुना गेला तर तो बर्ड फ्लू नाही, हे गावाला लवकर कळते.

या पुस्तिकेची पाने चाळताना वाचकाने एक काम आजच करावे अशी माझी विनंती आहे. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरताना दाराशी बसून एकेक हातात घ्यावी. चोचीखालच्या दोन्ही लोळ्या अंगठा आणि बोटामध्ये धरून पाहाव्यात. निरोगी लोळी पातळ, मऊ, दोन्हीकडे सारखी लागते. एक जाड, गरम, आत काहीतरी घट्ट असल्यासारखी लागली, तर मागच्या महिन्यांत कोणती कोंबडी केव्हा आणि कशी मेली ते आठवावे. ती कोंबडी दुसऱ्या खोपटात ठेवून सकाळी दवाखान्याकडे निघावे. बाकीच्यांना आत घालून दार लावावे.